रोटामीटर: फ्लोट कुठे थांबतो आणि का

रोटामीटर म्हणजे उभी काचेची किंवा प्लास्टिकची नळी, खाली अरुंद आणि वर जाताना जराजरा रुंद होत जाणारी, आत एक सुटा फ्लोट. लिक्विड किंवा गॅस खालून आत येतो, फ्लोटला उचलतो आणि फ्लोट ज्या उंचीवर थांबेल तिथलं रीडिंग म्हणजे फ्लो.

फ्लोटवर वजन खाली ओढतं, उत्प्लावन आणि प्रवाहाचा रेटा वर ढकलतात. फ्लो वाढवला की रेटा वाढतो, फ्लोट चढतो, पण वर नळी रुंद असल्याने भोवतीची फट मोठी होते आणि फटीतला वेग कमी होतो, मग रेटा परत पहिल्याइतका झाला की फ्लोट तिथेच थांबतो. खरी गंमत इथेच आहे, कारण वजन आणि उत्प्लावन उंचीप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तोल साधताना फ्लोटच्या खालच्या-वरच्या दाबातला फरक कुठल्याही उंचीवर जवळजवळ तेवढाच राहतो. ऑरिफिसमध्ये, म्हणजे पाइपात बसवलेल्या भोकाच्या चकतीत, भोक ठरलेलं असतं आणि दाबफरक फ्लोच्या वर्गाने बदलतो, इथे उलट, दाबफरक ठरलेला आणि फट बदलते. म्हणून फ्लो फटीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात जातो:

```
Q = C·A·√( 2gV(ρf − ρ) / (ρ·Af) )
```

A म्हणजे फटीचं क्षेत्रफळ, V फ्लोटचं आकारमान, Af त्याच्या सगळ्यात रुंद भागाचं क्षेत्रफळ, ρf फ्लोटची घनता, ρ द्रवाची, आणि C प्रयोगाने काढलेला गुणांक.

समजा फ्लोटचा व्यास 20 मिमी आणि नळी तळाशी 20, वर 25 मिमी. अर्ध्या उंचीवर नळी 22.5 मिमी, तिथे फट साधारण 83 चौरस मिमी, अगदी वर 177, म्हणजे अर्ध्या उंचीवर सुमारे 47 टक्के फ्लो. पूर्ण सरळ रेषा नाही पण जवळपास, आणि नळीचा उतार जितका कमी तितकी ती सरळ.

आता चूक कुठे होते ते बघा. स्केल पाण्यासाठी आखलेली असते आणि लोक त्याच नळीतून दुसरं काही सोडतात. स्टीलचा फ्लोट (घनता 8000), पाण्याऐवजी 800 घनतेचं सॉल्व्हंट घेतलं तर सूत्रातल्या वर्गमुळाप्रमाणे फ्लो √(7200×1000 ÷ (7000×800)) म्हणजे 1.13 पट निघतो, म्हणजे स्केलवर 10 लिटर दिसत असताना खरे 11.3 लिटर जातायत. हे गणित C तोच आहे असं धरून चालतं, द्रव घट्ट असेल तर C सुद्धा बदलतो आणि तिथे नवीन कॅलिब्रेशनच करावं लागतं.

मीटर उभा नसेल तर फ्लोट एका बाजूला घासतो. व्हॉल्व्ह किंचित फिरवूनही फ्लोट हलला नाही, तर तो अडकलाय असं समजा, बहुतेक वेळा घाणीने. आणि रीडिंग घेताना निमुळत्या फ्लोटची सगळ्यात रुंद कड बघतात, गोळी असेल तर तिचा मध्य, डोळा त्याच पातळीवर ठेवून.