पेला निसटतोय हे यंत्राच्या बोटाला कसं कळतं

एक कागदी पेला अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरा, मान दुसरीकडे वळवा आणि घरातल्या कुणाला तरी त्यात तांब्याने पाणी ओतायला सांगा. पेला जड होत जातो तशी बोटांची पकडही घट्ट होत जाते. पेला चेपत नाही आणि हातातून सुटतही नाही. किती जोर लावायचा हे आपण ठरवतोय असं त्या वेळी जाणवतसुद्धा नाही.

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या योहान्सन आणि वेस्टलिंग या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ही गोष्ट मोजून दाखवली. त्यांनी माणसांना छोट्या वस्तू चिमटीत उचलायला दिल्या आणि त्यांचा पृष्ठभाग बदलत ठेवला: कधी रेशीम, कधी मऊ चामडं, कधी पॉलिश पेपर. रेशीम असलं की बोटं जास्त जोर लावत, पॉलिश पेपर असला की कमी. वस्तू किंचित सरकली, तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड वाढत असे. बोटांची टोकं भूल देऊन बधिर केली, की मात्र हा मेळ बिघडायचा. म्हणजे पकडीचा हिशेब नुसता मेंदूत होत नाही, त्याची माहिती कातडीतून यावी लागते. यंत्राच्या हाताला हीच माहिती मिळवून द्यायची, तर बोटाच्या टोकाला नेमकं काय लावावं?

आधी पेला निसटतो म्हणजे काय होतं ते पाहू. बोट पेल्याला बाजूने दाबतं, त्याला आपण ‘दाब’ म्हणू. पेल्याचं वजन बोटाच्या पृष्ठभागाला खाली ओढतं, ती ‘ओढ’. ओढ भागिले दाब हे गुणोत्तर एका मर्यादेच्या आत असेपर्यंत पेला जागचा हलत नाही. ती मर्यादा म्हणजे घर्षण गुणांक. रबरी बोट आणि कोरडा कागद यांच्यासाठी तो ०.५ धरू, ओल्या कागदासाठी ०.२५. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, पण पाण्याने पकड अशी निम्म्यावर येणं ओल्या हाताने भांडी उचलणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

पेला १० ग्रॅमचा आणि आत १५० मिलिलिटर पाणी, म्हणजे एकूण १६० ग्रॅम. १०० ग्रॅमचं वजन साधारण १ न्यूटन, तेव्हा पेल्याचं १.६ न्यूटन. दोन बोटांत वाटलं, की प्रत्येकी ओढ ०.८ न्यूटन. कोरडा पेला धरायला प्रत्येक बोटाला किमान १.६ न्यूटन दाब लागेल, ओला झाला की ३.२. आणि ५ न्यूटनला पेला चेपतो असं समजू. सुरुवातीपासूनच ४ न्यूटनने का धरू नये? कारण पेला रिकामा आहे की भरलेला, कागदी आहे की काचेचा, कोरडा आहे की ओला, यातलं काहीच यंत्राला आधी ठाऊक नसतं.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दाब ओळखणारी फिल्म. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांपैकी एकावर फणीच्या दात्यांसारख्या वीजवाहक रेषा छापलेल्या असतात आणि दुसऱ्यावर कार्बनयुक्त शाईचा थर. दाबलं की शाई रेषांना अधिकाधिक ठिकाणी टेकते आणि विजेचा रोध लाखो ओहमवरून काही हजारांवर उतरतो. हा रोध वाचायला एक साधा रेझिस्टर आणि मायक्रोकंट्रोलरचा एक पाय पुरतो.

पण ही फिल्म वजनकाटा म्हणून वापरायला गेलात, तर ती फसवते. सारख्याच दाबाखाली मिनिटभर ठेवली तरी तिचा आकडा हळूहळू सरकत राहतो, आणि एकाच पाकिटातले दोन तुकडे वेगवेगळे आकडे दाखवतात. शिवाय तिला कळतो तो फक्त दाब, ओढ तिला दिसतच नाही. मग निसटणं कसं कळणार?

ते कळतं थरथरीवरून. वस्तू घासत सरकते तेव्हा ती सलग सरकत नाही. अडकते, सुटते, पुन्हा अडकते. स्वच्छ काचेवर बोट दाबून ओढलं की जो करकर आवाज येतो, तोच प्रकार इथे बारीक प्रमाणात चालू असतो. त्यामुळे फिल्मचा आकडा सेकंदाला हजार वेळा वाचायचा, त्यातून संथ बदल वजा करायचे आणि जलद थरथर तेवढी ठेवायची. ती ठरावीक पातळीच्या वर गेली, की पेला सरकतोय असं मानायचं. संथ बदल वजा झाल्यामुळे फिल्मचा आकडा सरकत राहण्याचा दोषही आपोआप गळून पडतो, म्हणून ही युक्ती मला फार आवडते. बोटाच्या रबरावर बारीक कंगोरे ठेवले, तर थरथर आणखी स्पष्ट येते. अर्ध्या मिलिमीटरवर एक कंगोरा असेल आणि पेला सेकंदाला १० मिलिमीटर सरकत असेल, तर सेकंदाला २० ठोके मिळतात.

अडचण येते ती मोटरची. बोट हलवणाऱ्या मोटरचे दातेही थरथरतात. पेला सरकला म्हणून मोटर पकड वाढवते, मोटरच्या थरथरीला फिल्म पुन्हा ‘सरकला’ समजते, मोटर आणखी आवळते. मी केलेल्या पहिल्या चिमट्याने याच फेऱ्यात सापडून कागदी पेला पूर्ण चेपला होता. चूक शोधायला एक साधी चाचणी पुरते. टेबलाला पक्की बांधलेली बाटली चिमट्यात द्या आणि पकड वाढवा. बाटली सरकूच शकत नाही, तरीही घसरणीचा इशारा आला, तर तो मोटरचा आहे. उपाय म्हणजे पकड वाढवल्यानंतर थोडा वेळ, समजा ४० मिलिसेकंद, फिल्मचं ऐकायचंच नाही.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. पृष्ठभाग ओला आणि गुळगुळीत असेल, तर पेला अडकत-अडकत न सरकता पाण्याच्या थरावरून अलगद घसरतो. थरथर जवळपास नाहीशी होते. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हाच फिल्म सर्वांत गप्प असते.

इथे चुंबक कामाला येतो. सिलिकॉनच्या मऊ गादीत डाळीच्या दाण्याएवढा चुंबक बसवायचा आणि त्याच्या खाली काही मिलिमीटरवर तीन दिशांचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी हॉल सेन्सरची चिप ठेवायची. गादी दाबली की चुंबक चिपजवळ येतो. गादी खाली ओढली गेली की चुंबक तिरका सरकतो आणि आडव्या दिशांचे आकडे बदलतात. अशी एकाच चिपमधून दाब आणि ओढ दोन्ही मिळतात. जपानमधल्या वासेदा विद्यापीठात अशा कितीतरी चिपांची जाळी करून यंत्रांसाठी कातडी बनवली गेली. मेटा आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०२१ मध्ये मांडलेल्या रचनेत वेगळा चुंबकच नाही, चुंबकीय भुकटी थेट रबरात मिसळलेली आहे. त्यामुळे झिजलेलं रबर वायर न तोडता बदलता येतं.

ओढ दिसू लागली, की पेला प्रत्यक्ष सरकण्याची वाट बघावी लागत नाही. पाणी पडू लागलं की ओढ वाढते, तिच्या प्रमाणात दाब वाढवत न्यायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर, समजा, ०.४ वर ठेवायचं. पेला भरेपर्यंत दाब २ न्यूटनवर पोहोचतो. कोरड्या पेल्याला तो पुरेसा आहे.

आता पाणी काठावरून सांडलं आणि बोटाखाली शिरलं असं समजू. घर्षण निम्म्यावर आलं. २ न्यूटन दाबाला आता प्रत्येक बोट फक्त ०.५ न्यूटन तोलू शकतं, दोन्ही मिळून १. वजन तर १.६ आहे. पेला सरकू लागतो आणि ताणलेलं सिलिकॉन थोडं मागे येतं. चिपला दिसतं की कुणी पाणी काढून घेतलेलं नाही, तरी ओढ ०.८ वरून ०.५ वर उतरली. निसटण्याची याहून स्पष्ट खूण नाही. आणि त्याच क्षणी आणखी एक मोलाची गोष्ट हाती लागते: सरकत असताना ओढ भागिले दाब, म्हणजे ०.५ भागिले २, हेच ते नवं घर्षण, ०.२५. घसरणारा पेला स्वतःच सांगतो की तो किती निसरडा आहे. फिल्म ‘कधी’ एवढंच सांगते, चुंबक ‘किती’ तेही सांगतो.

पकड किती वाढवायची हे इथेच ठरतं. घसरण ओळखून मोटर हलेपर्यंत ३० मिलिसेकंद गेले असं धरू. छंदासाठी मिळणाऱ्या सर्वो मोटरला नवा हुकूम २० मिलिसेकंदांनी एकदाच जातो, त्यामुळे याहून फार लवकर जमत नाही. तेवढ्यात पेला पावणेदोन मिलिमीटर सरकलेला असतो. आता सावधपणे दाब २ वरून ३ वर नेला, ४० मिलिसेकंद थांबून पाहिलं आणि मग ३.६ केला, तर पेला थांबतो खरा, पण एकूण दीड सेंटीमीटर खाली गेल्यावर. कारण वेग घेतलेली वस्तू थांबवायला नुसती तोलून धरण्यापेक्षा जास्त जोर लागतो. याउलट पहिल्याच झटक्यात ४ न्यूटन लावले, तर पेला साडेचार मिलिमीटरच्या आतच थांबतो. म्हणून आधी एकदम घट्ट धरावं आणि मग सावकाश सैल करत ३.५ वर यावं. थोडं थोडं आवळत जाणं सुरक्षित वाटतं, पण पेला त्यातच हातचा जातो.

चुंबकाचेही दोष आहेत. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. हलक्या स्पर्शाने होणारा बदलही तेवढाच असू शकतो, त्यामुळे मनगट फिरवलं तरी पेला सरकल्याचा भास होतो. यासाठी चुंबकापासून दूर दुसरी चिप ठेवून तिचा आकडा वजा करतात. लोखंडी डबा धरला तर हिशेबच कोलमडतो. आपल्याकडच्या स्टीलच्या भांड्यांचंही तसंच. चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही असं मानतात, पण पत्रा ओढून पेला घडवताना त्याच्या काही भागांत थोडी चुंबकीय ओढ येते. फ्रिजवरचा चुंबक पेल्यावर ठिकठिकाणी लावून पाहिलं की हे लगेच कळतं.

एक फसवी वेळ आणखी आहे. पेला टेबलावर टेकतो तेव्हाही ओढ अचानक उतरते, कारण वजन टेबल घेतं. बोटाला हे निसटण्यासारखंच दिसतं आणि ते नेमकं ठेवताना पेला आवळतं. फरक ओळखायचा तर हात त्या क्षणी खाली जात होता की स्थिर होता, हे बोटाला कळवावं लागतं.

आणि ४.५ न्यूटनपर्यंत जाऊनही पेला सरकतच राहिला, तर अजून आवळण्यात अर्थ नाही, कारण पुढे पेलाच चेपेल. तेव्हा पकड आहे तशी ठेवून हात खाली न्यावा आणि पेला जवळच्या टेबलावर टेकवावा. माणसाचा दुसरा हात अशा वेळी आपसूक पेल्याच्या तळाशी गेलेला असतो.