उणे दीडशे रुपयांचा शेअर

भाची एमबीए करतेय. परवा तिनं एक्सेलचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, हे काय झालं?" शीटमध्ये शेअरची किंमत आली होती उणे १५० रुपये! म्हणजे शेअर घ्या आणि वर दीडशे रुपयेपण घेऊन जा.

उदाहरण कॉलेजातलं, कंपनी काल्पनिक. तिनं नुकताच शेअरमागे १० रुपये डिव्हिडंड दिलाय, तो दरवर्षी २० टक्क्यांनी वाढतोय आणि गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के परतावा हवाय. भाचीनं सरळ डिव्हिडंडवरून शेअरची किंमत काढायचा गॉर्डनचा फॉर्म्युला लावला:

```
P = D1 / (r - g)
12 / (0.12 - 0.20) = -150
```

P म्हणजे शेअरची किंमत, D1 पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड, r हवा असलेला परतावा, g वाढीचा दर. भागाकारात चूक नाही, तरी उत्तर वेड्यासारखं.

आता गंमत बघा. १२ टक्के हवेत म्हणजे पुढच्या वर्षीचे ११२ रुपये आपल्या लेखी आजचे १००. त्यामुळे दरवर्षी डिव्हिडंडला आधी १.२० ने गुणायचं आणि मग १.१२ ने भागायचं, म्हणजे एकूण १.०७ ने गुणलं जातं. जितकं लांबचं वर्ष तितका त्याचा डिव्हिडंड आजच्या हिशोबातसुद्धा मोठा, मग अशा न संपणाऱ्या वर्षांची बेरीज थांबणार कुठे? गॉर्डनचा फॉर्म्युला म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या भूमिती श्रेढीतल्या अनंत पदांची बेरीज, आणि ती गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तरच ठरावीक आकड्यावर येते. ही अट सगळे विसरतात आणि एक्सेल काही आठवण करून देत नाही. १९५७ मध्ये अर्थतज्ज्ञ डेव्हिड ड्युरँड यांनी याची तुलना सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या नाणेफेकीच्या कोड्याशी केली होती, तिथेही कागदावर जिंकायची सरासरी रक्कम अनंत निघते आणि खेळायला मात्र कोणी फार पैसे मोजत नाही.

उपाय म्हणजे दोन टप्पे. समजा २० टक्के वाढ पाचच वर्षं आणि पुढे कायम ६ टक्के. पहिल्या पाच वर्षांचे डिव्हिडंड एकेक करून आजच्या किमतीत आणायचे: १०.७१, ११.४८, १२.३०, १३.१८, १४.१२, बेरीज ६१.७९ रुपये. पाचव्या वर्षीचा खरा डिव्हिडंड असतो २४.८८, सहाव्याचा ६ टक्के वाढून २६.३८. इथून पुढे गुणोत्तर १ च्या खाली, म्हणजे गॉर्डन चालतो: ०.१२ वजा ०.०६ म्हणजे ०.०६, आणि २६.३८ भागिले ०.०६, साधारण ४४० रुपये.

इथे हमखास घोटाळा होतो. फॉर्म्युल्यात डिव्हिडंड सहाव्या वर्षाचा असला तरी हे ४४० रुपये पाचव्या वर्षाच्या शेवटची किंमत आहे, कारण गॉर्डन नेहमी पहिल्या डिव्हिडंडच्या एक वर्ष आधीची किंमत देतो. म्हणून १.१२ ने पाच वेळा भागायचं, सहा वेळा नाही. पाच वेळा भागलं की २४९ येतात, सहा वेळा भागलं की २२३. आधीचे ६१.७९ आणि हे २४९ मिळून एकूण किंमत ३११ रुपये.

आता या ३११ मधले २४९, म्हणजे ८० टक्के, त्या कंटाळवाण्या ६ टक्क्यांच्या टप्प्यातून आलेत. जोरदार वाढ आणखी एक वर्ष चालली तर किंमत ३४४ होते, पण कायमचा दर ६ चा नुसता ७ केला तर ३६४, आणि ८ केला तर ४४३! मल्टिबॅगर, म्हणजे कित्येक पट होणारे शेअर, शोधून देणारे व्हिडिओवाले पुढच्या दोन वर्षांवर तासभर बोलतात आणि गुरू राशी बदलतोय म्हणून शेअर घ्या सांगणारेपण आहेत, पण हा कायमचा दर कुठून आणला हे कोणी सांगत नाही. त्याला मर्यादा असते. कंपनी देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा (महागाई धरून) कायम जास्त वेगानं वाढली तर एक दिवस ती देशापेक्षा मोठी व्हायला हवी.

आणि भाचीच्या शीटमध्ये नसलेली एक गोष्ट. वाढ मंदावली की धंद्यात परत घालायला पैसे कमी लागतात. नव्या भांडवलावर १५ टक्के कमावणाऱ्या कंपनीला ६ टक्के वाढायला नफ्यातले ४० टक्के ठेवले तरी पुरतात, बाकी ६० ती वाटू शकते. पहिल्या टप्प्यात ती नफ्याचे २० टक्केच वाटत असेल, तर सहाव्या वर्षी डिव्हिडंड २६ नाही, एकदम ७९ होतो आणि शेअरची किंमत ८१० वर जाते. वाढीचे दर तेच, परतावा तोच. "म्हणजे ३११ चूक?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी बघ कंपनी नफ्यातलं किती वाटते, तो कॉलमच नाहीये तुझ्याकडे.