नेक्रोसिस की अपॉप्टोसिस? आधी पेशीपटलाकडे बघा

नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिस हे पेशी मरण्याचे दोन प्रकार. ‘नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिसमधील फरक’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी दोन रकान्यांचा तक्ता पाठ करून जातात आणि ऐन पेपरात पेशी कुठे फुगते, कुठे आक्रसते यात गोंधळतात. तक्त्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळी एकाच प्रश्नाच्या उत्तरातून निघतात: मरताना पेशीचे पटल फाटले की शाबूत राहिले?

हृदयाची एक रोहिणी गुठळीने बंद झाली असे धरू. तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूपेशींना ऑक्सिजन मिळत नाही, मायटोकॉन्ड्रियात एटीपी तयार होत नाही आणि एक-दोन मिनिटांतच आकुंचन थांबते. सोडियम बाहेर फेकणारा पंप एटीपीवर चालतो. तो मंदावला की सोडियम आत साचते, त्यामागे पाणी शिरते आणि पेशी फुगते. एटीपीसाठी पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोज वापरू लागते, त्यातून लॅक्टिक आम्ल साठते. खडबडीत आंतरद्रव्यजालावरचे रायबोसोम सुटतात, त्यामुळे प्रथिननिर्मिती घटते. इथपर्यंतची इजा परतण्याजोगी आहे. रक्तपुरवठा लवकर पूर्ववत झाला तर पेशी सावरते.

पुरवठा साधारण 20 ते 30 मिनिटे पूर्ण बंद राहिला की चित्र पालटते. पटलांना इजा होते, कॅल्शियम आत घुसते आणि पटलातील फॉस्फोलिपिडे तोडणारी एन्झाइमे जागी होतात. मायटोकॉन्ड्रिया पुन्हा काम करू शकत नाहीत. आता रक्त परत आले तरी ही पेशी वाचत नाही. फाटलेल्या पटलातून ट्रोपोनिन हे स्नायूतले प्रथिन रक्तात झिरपते, म्हणून काही तासांनी रक्ततपासणीत ते वाढलेले दिसते. आतला माल बाहेर सांडल्यामुळेच न्यूट्रोफिल गोळा होतात. नेक्रोसिससोबत दाह का असतो, याचे उत्तर इथेच आहे.

मात्र पेशी मेली म्हणजे सूक्ष्मदर्शकात लगेच काही दिसेल असे नाही. साध्या रंजनात पहिले सुमारे चार तास स्नायू जवळपास नेहमीसारखाच भासतो. त्यानंतर पेशीद्रव्य गडद गुलाबी होत जाते. केंद्रक आक्रसून काळपट होते, त्याचे तुकडे पडतात किंवा ते फिकट होत विरून जाते. यांना अनुक्रमे पिक्नोसिस, कॅरिओऱ्हेक्सिस आणि कॅरिओलिसिस म्हणतात. पेशीची बाह्यरेखा मात्र काही दिवस टिकते. आम्लतेने रचनेची प्रथिने गोठतात आणि त्यांना पचवणारी एन्झाइमेही निकामी होतात, म्हणून सांगाडा उरतो. हाच कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस. उत्तरात नुसते ‘बाह्यरेखा टिकते’ लिहून थांबू नका, ती का टिकते हेही लिहा.

रक्तपुरवठा तुटल्यावर घन अवयवांत हाच प्रकार दिसतो, अपवाद मेंदूचा. तिथे ऊतक विरघळून द्रवरूप होते, म्हणजे लिक्विफॅक्टिव्ह नेक्रोसिस. पू झालेल्या गळवातही तोच प्रकार असतो, पण तिथे न्यूट्रोफिलची एन्झाइमे ऊतक पचवतात. क्षयरोगात चीजसारखा भुसभुशीत पदार्थ दिसतो. त्यात पेशींच्या बाह्यरेखा पुसलेल्या असतात आणि भोवती ग्रॅन्युलोमा असतो. हा केसियस नेक्रोसिस. स्वादुपिंडदाहात सुटलेले लायपेज चरबी तोडते, मेदाम्ले कॅल्शियमशी जुळतात आणि खडूसारखे पांढरे ठिपके उमटतात. फिब्रिनॉइड प्रकारात प्रतिकारसंकुले आणि फायब्रिन रक्तवाहिनीच्या भिंतीत साचून तिला गडद गुलाबी करतात.

आता अपॉप्टोसिस. हे नाव 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी मांडले. विषाणूजन्य यकृतदाहात एखादी एकटी यकृतपेशी आक्रसलेली, गोल, गडद गुलाबी दिसते आणि तिच्याभोवती न्यूट्रोफिल नसतात. तिला काउन्सिलमन बॉडी म्हणतात. इथे पेशी कॅस्पेज एन्झाइमांकरवी स्वतःला आतून मोडते. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी सुटले की कॅस्पेज-9, किंवा पृष्ठभागावरच्या फास ग्राहकाला संदेश मिळाला की कॅस्पेज-8, आणि दोन्ही वाटा कॅस्पेज-3 पाशी मिळतात. क्रोमॅटिन घट्ट होऊन केंद्रकपटलाखाली जमते आणि पेशीचे पटलात गुंडाळलेले तुकडे पडतात. पटलाच्या आतल्या बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येते, ती खूण ओळखून भक्षकपेशी तुकडे गिळतात. काहीच सांडत नाही, म्हणून दाह नाही.

इथे दोन चुकांना गुण जातात. अपॉप्टोसिस फक्त नैसर्गिक असतो असे लिहिणे ही पहिली; किरणोत्सार, कर्करोगाची औषधे आणि विषाणूही तो घडवतात. दुसरी म्हणजे केवळ पिक्नोसिस दिसला म्हणून नेक्रोसिस ठरवणे, कारण घट्ट केंद्रक दोन्हींत असते.

कारणावरूनही निवाडा करता येत नाही. अपॉप्टोसिस घडवायला एटीपी लागते. त्यामुळे त्याच बंद रोहिणीच्या प्रदेशात, जिथे पुरवठा पूर्ण तुटला तिथे पेशी फुगून फुटतात. कडेला, जिथे थोडे एटीपी शिल्लक असते, तिथे काही पेशी अपॉप्टोसिसनेही जातात.