‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ आणि त्यांच्या आधीचा स्वल्पविराम : पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यात नागपुरातल्या आमच्या वसाहतीच्या फलकावर एक इंग्रजी सूचना लागली होती : ‘रेसिडेंट्स, हू हॅव नॉट पेड द वॉटर चार्जेस, विल नॉट गेट टँकर वॉटर.’ पाणीपट्टी थकवणाऱ्यांना टँकरचे पाणी मिळणार नाही, असे लिहिणाऱ्याला म्हणायचे होते. परंतु ‘हू’च्या आधी आणि ‘चार्जेस’नंतर दिलेल्या दोन स्वल्पविरामांमुळे वाक्याचा अर्थ असा झाला की, वसाहतीतल्या एकाही रहिवाशाने पाणीपट्टी भरलेली नाही आणि म्हणून कोणालाच पाणी मिळणार नाही. जानेवारीतच पैसे भरलेले एक वृद्ध शेजारी पावती घेऊन माझ्याकडे आले, ते त्यामुळेच.

‘वाक्य लहान असेल तर स्वल्पविराम नको, लांब असेल तर द्यावा’ असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. हा समज चुकीचा असला, तरी तो निराधार नाही. त्याचे मूळ इंग्रजी व्याकरणाच्या इतिहासातच आहे.

‘हू’, ‘विच’ आणि ‘दॅट’ हे शब्द आपल्या ‘जो’सारखे उपवाक्याचा आधीच्या नामाशी संबंध दाखवतात. या तीन शब्दांपैकी हे काम ‘दॅट’ फार पूर्वीपासून करत आला आहे. ‘हू’ आणि ‘विच’ हे मुळात प्रश्नार्थक शब्द. ते या कामाला पुढे मध्ययुगीन इंग्रजीत लागले आणि त्यांतही कर्त्याच्या जागी येणारा ‘हू’ सर्वांत शेवटी रुळला. माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘विच’ ही वाटणीही नंतरची आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन’ असेच छापलेले आहे. 1711 साली रिचर्ड स्टील या निबंधकाराने ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकात ‘हू’ आणि ‘विच’ यांच्या नावाने एक गमतीचा अर्ज छापला आणि ‘दॅट’ने आपली जागा बळकावल्याची तक्रार त्यांच्या तोंडी घातली. वयाने वडील कोण, हे पाहिले तर ही तक्रार उलटी होती.

त्या काळी स्वल्पविराम हा प्रामुख्याने वाचताना थांबण्याची जागा दाखवत असे. लिंडली मरे याच्या 1795च्या व्याकरणात जुनी आणि नवी अशा दोन्ही दृष्टी शेजारीशेजारी दिसतात. साधे वाक्य लांब असेल, तर क्रियापदाच्या आधी विराम देता येतो, असे तो सांगतो. आपला लांबी-रुंदीचा समज तो हाच. पण त्याच प्रकरणात तो असेही सांगतो की, संबंधी शब्दाने आधीच्या नामाचा अर्थ मर्यादित होत असेल, तर त्या शब्दाआधी स्वल्पविराम देऊ नये. यासाठी त्याने दिलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे : ‘अ मॅन हू इज ऑफ अ डिट्रॅक्टिंग स्पिरिट, विल मिसकन्स्ट्रू...’ इथे ‘हू’च्या आधी स्वल्पविराम नाही, पण ‘स्पिरिट’नंतर आहे. अर्थाचा नियम उपवाक्याच्या आरंभी लागू झाला होता. शेवटी मात्र अजून श्वासच चालत होता. पुढे हा शेवटचा स्वल्पविराम गेला आणि अर्थ हीच एकमेव कसोटी उरली.

मराठी माणसाची अडचण नेमकी इथेच आहे. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाचा’ असे आपण लिहितो तेव्हा तो स्वल्पविराम उपवाक्य संपल्याचा असतो. अर्थ मर्यादित होतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘वर्ध्यात राहणारा माझा भाऊ शिक्षक आहे’ या वाक्यावरून मला भाऊ एक की तीन, हे कळतच नाही. इंग्रजीत मात्र ते सांगावेच लागते. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन वर्धा इज अ टीचर’ म्हणजे अनेक भावांपैकी वर्ध्याचा. ‘ब्रदर’नंतर आणि ‘वर्धा’नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच आणि तो वर्ध्यात राहतो, ही जोडमाहिती. वाक्य तेवढेच लहान आहे. उपवाक्य काढून वाचावे, ‘कोणता?’ हा प्रश्न उरला तर स्वल्पविराम नको, न उरला तर हवा. वाक्याच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना हवा, एकीकडेच देऊन चालत नाही.

‘दॅट’ मात्र आजच्या इंग्रजीत जवळजवळ नेहमी अर्थ मर्यादित करणाऱ्या उपवाक्यातच येतो, म्हणून त्याच्या आधी स्वल्पविराम नसतो. यावरून ‘मर्यादित अर्थासाठी फक्त दॅट, जोडमाहितीसाठी फक्त विच’ अशी वाटणी करावी, असे फाउलर या कोशकाराने इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या 1926च्या कोशात सुचवले. पण बहुतेक किंवा उत्तम लेखक ती पाळतात असे म्हणता येणार नाही, हेही त्यानेच नोंदवले. त्यामुळे ‘द बुक विच आय बॉट इज लॉस्ट’ हे स्वल्पविरामाविना लिहिलेले वाक्य चूक ठरवून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

विशेषनामानंतर बहुधा स्वल्पविराम लागतो, कारण नावानेच ओळख पटलेली असते : ‘नागपूर, विच लाइज ऑन द नाग रिव्हर, इज हॉट इन मे.’ पण ‘द नागपूर दॅट आय न्यू’ म्हटले की, अनेक काळांतल्या नागपुरांपैकी माझ्या ओळखीचे एक वेगळे काढले जाते आणि तिथे स्वल्पविराम बसत नाही. वसाहतीच्या फलकावरच्या सूचनेतले ते दोन्ही स्वल्पविराम आम्ही पेनाने खोडले. शब्द एकही बदलावा लागला नाही.