डब्ल्यूबीएसच्या पहिल्या फांद्या: वस्तू की टप्पे?

एस्टिमेटच्या आधी डब्ल्यूबीएस, म्हणजे प्रकल्पाच्या कामाची झाडासारखी विभागणी, काढायचा, याबद्दल आता कुणाचं दुमत नाही. मतभेद आहे तो पहिल्या फांद्यांवर काय लिहायचं यावर. काही जण अ‍ॅनालिसिस, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग असे टप्पे लिहितात, तर काही जण शेवटी ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या वस्तू. एस्टिमेटमधून काय सुटणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५० च्या दशकाच्या अखेरीस पर्ट हे नियोजनाचं तंत्र आलं, पण त्याचा भर वेळेवर होता. खर्चाची जोड १९६२ च्या सरकारी मार्गदर्शिकेने दिली. तिच्यात आधी प्रकल्पाचं झाड काढायचं, टोकाला वर्क पॅकेज, म्हणजे कामाचे सर्वांत लहान गट, ठेवायचे आणि वेळ व पैसा दोन्ही त्यांच्याशी जोडायचे, असा क्रम होता. १९६८ मध्ये संरक्षण खात्याने मिल-स्टँडर्ड-८८१ हे मानक काढून विमान, जहाज, क्षेपणास्त्र अशा प्रकारांसाठी वरच्या तीन पातळ्या ठरवूनच दिल्या.

त्या मानकाचं मोल माझ्या मते दुसऱ्या पातळीत आहे. विमानाच्या झाडात खुद्द विमान ही एकच फांदी होती. तिच्या शेजारी, त्याच उंचीवर, प्रशिक्षण, चाचण्या, तांत्रिक कागदपत्रं, देखभालीची उपकरणं, सुरुवातीचे सुटे भाग, तळावरची तयारी आणि प्रकल्प व्यवस्थापन होतं. विमान बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विमान असतं, म्हणून एस्टिमेटमधून नेमक्या याच गोष्टी गळतात. मानकाने त्यांना कायमची जागा दिली.

वस्तूंच्या बाजूचा कौल पुढच्या आवृत्त्यांनी अधिक स्पष्ट केला. १९९८ मध्ये मानकाची मार्गदर्शक पुस्तिका झाली. तिच्यात डिझाइन, विकास, उत्पादन हे टप्पे फांद्या म्हणून नकोत, असं थेट म्हटलं होतं. दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी यांनाही वेगळी फांदी नको, ते काम ज्या वस्तूचं असेल तिच्याखालीच मोजा, असा सल्ला होता. २०११ मध्ये या पुस्तिकेचं पुन्हा मानक झालं.

यामागचं कारण एका साध्या कामावरून पाहू. समजा, एका पतसंस्थेला जुनं सॉफ्टवेअर बदलून नवं द्यायचं आहे. टप्प्यांच्या झाडात 'कोडिंग'समोर ६० दिवस लिहिले. त्यात सभासदांच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं धरलंय का? झाड पाहून सांगता येत नाही. आता वस्तूंनी मांडा: ठेवी, कर्ज, पासबुक छपाई, जुन्या नोंदी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. 'जुन्या नोंदी' अशी चौकट दिसली की खाली काय हवं हे आपोआप विचारलं जातं. एकाच सभासदाची दोन खाती एकत्र करणं, प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्या खतावणीशी जुळवणं, न जुळणाऱ्या खात्यांचा निर्णय संस्थेकडून घेणं. शेवटचं काम संस्थेच्या माणसांवर अवलंबून असल्याने बरेचदा तेच सर्वांत जास्त दिवस खातं, आणि 'कोडिंग'मध्ये ते कुणी शोधणारही नाही.

इथे एक गफलत हमखास होते. शंभर टक्क्यांचा नियम, म्हणजे खालच्या चौकटींनी वरची पूर्ण भरली पाहिजे, हा बेरीज जुळवून तपासला जातो. पण वरचा आकडा खालच्यांची बेरीज करूनच आला असेल, तर ती जुळणारच. तपासायचं ते असं: या सगळ्या चौकटी पूर्ण होऊन हातात आल्या, तर वरची वस्तू वापरता येईल का? ठेवी आणि कर्ज दोन्ही तयार, पण कर्जाचा हप्ता ठेवीच्या खात्यातून वळता करायचं काम कुठेच नाही, हे असं विचारल्यावरच कळतं. भाग जोडण्याचं काम कोणत्याच भागाचं नसतं. म्हणूनच संरक्षणाच्या झाडांमध्ये जोडणी आणि तपासणीला वेगळी चौकट आहे.

संरक्षणाबाहेर ही पद्धत १९८० च्या दशकानंतर पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या संघटनेच्या मार्गदर्शकातून पसरली. तिथली व्याख्या बरीच वर्षं हाती येणाऱ्या वस्तूंवर बेतलेली होती. २०१३ च्या आवृत्तीत 'वस्तूंवर बेतलेली' हा शब्दप्रयोग गळला आणि 'एकूण कामाच्या व्याप्तीची विभागणी' असं आलं. टप्प्यांनी मांडणाऱ्यांना त्यामुळे मोकळीक मिळाली. टप्पे खालच्या पातळीवर, एखाद्या वस्तूच्या पोटात आले तर माझीही हरकत नाही. 'जुन्या नोंदी'खाली डिझाइन आणि टेस्टिंग खुशाल लिहा. पण पहिल्या फांदीवर 'टेस्टिंग' लिहिलं, तर कशाचं टेस्टिंग हा प्रश्न एस्टिमेट मंजूर होऊन गेल्यावरच पुढे येतो.