झोपेसाठी इअरप्लगचा वापर

घरातला गोंगाट कमी करता येत नसेल तेव्हा झोपताना कानाच्या नळीत जे मऊ बोळे बसवतात, त्यांना इअरप्लग म्हणतात. फोमचे, मेणाचे आणि सिलिकॉनचे असे त्यांचे प्रकार आहेत. झोपेसाठी सर्वाधिक वापर फोमच्या बोळ्यांचा होतो. त्यांनी आवाज बंद होत नाही, दबतो. भांड्यांचा खणखणाट किंवा शिट्टी यांसारखे उंच पट्टीचे आवाज बरेच कमी होतात, पण घोरण्यातला खर्ज आणि भिंतीतून येणारी धडधड काही प्रमाणात ऐकू येतेच, कारण आवाजाचा थोडा भाग कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो.

पाकिटावर छापलेला डेसिबलचा आकडा बोळा नीट बसला असेल तरच खरा. "मला इअरप्लगचा उपयोग होत नाही" अशी तक्रार असते तिथे बहुतेकदा बोळा अर्धवटच बसलेला असतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून फोम बोटांमध्ये वळत न्यावा, म्हणजे त्याची सुरकुती न पडलेली बारीक कांडी होते. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरच्या टोकाला धरावी आणि वर व मागे ओढावी. प्रौढांची नळी वाकडी असते, ती या ओढीने बरीच सरळ होते. कांडी लगेच आत सरकवावी आणि फोम फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने हलकेच धरून ठेवावी. ढकलत राहू नये. बोळ्याचे मागचे टोक चिमटीत धरता आले पाहिजे. बरोबर बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा मोठा वाटतो. तो दोष नव्हे, कान बंद झाल्याची खूण आहे. सिलिकॉनचा चिकट गोळा मात्र नळीत घालायचा नसतो. तो कानाच्या तोंडावर पसरून दाबतात आणि त्याचे तुकडे करत नाहीत, कारण तुकडा आत अडकू शकतो.

काढताना बोळा हळूहळू फिरवत बाहेर घ्यावा. घट्ट बसलेला बोळा झटक्यात ओढला तर आत हवेची पोकळी होते, पडद्यावर ताण येऊन कान दुखतो आणि क्वचित पडद्याला इजाही होते.

कानातला मळ नळीच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात तयार होतो. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत असते, तिच्याबरोबर तोही आपोआप बाहेर येतो. रोज रात्री बोळा घातल्याने ही वाट अडते आणि आधीच जमलेला मळ आत रेटला जातो. कुशीवर झोपणाऱ्यांच्या बाबतीत उशीच्या दाबाने बोळा आणखी आत जातो, म्हणून त्यांनी कानाबाहेर न डोकावणारा, आखूड आणि मऊ बोळा घ्यावा.

समजा, काही आठवडे रोज बोळे वापरणाऱ्या माणसाला सकाळी बोळे काढल्यावरही उजव्या कानाने कमी ऐकू येते आणि कान भरल्यासारखा वाटतो, दुखत नाही. त्याने तोंड मिटून गुणगुणून पाहावे. मळाने नळी बंद झाली असेल, तर गुणगुणणे त्याच उजव्या कानात मोठे ऐकू येते. ते चांगल्या कानाकडे सरकले आणि बहिरेपणा अचानक आलेला असेल, तर दोष आतल्या कानात असू शकतो. ही चाचणी ढोबळ आहे, पण अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी उपचार जितका लवकर तितका ऐकणे परत येण्याचा संभव अधिक. मळाचीच शंका असेल, तर बोळे थांबवून काही दिवस रोज ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब टाकतात आणि पाच-दहा मिनिटे कुशीवर पडून राहतात. मळ फुगल्याने सुरुवातीला कान जास्तच बंद वाटतो. पडद्याला भोक असेल, कानात वैद्यकीय नळी बसवलेली असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर थेंब टाकू नयेत. कापसाची काडी, पिन किंवा मेणबत्तीचा उपाय कधीच करू नये. काडी मळ आणखी आत दाबते.

फोम टाकाऊ असतो. मळकट, ओलसर किंवा कडक झालेला, दाबल्यावर नीट न फुगणारा बोळा फेकून द्यावा. धुतल्याने फोम खराब होतो. धुता येण्याजोगे रबरी बोळे सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत आणि हवेशीर डबीत ठेवावेत. आंघोळीनंतर ओल्या कानात बोळा घातल्यास आत दमट ऊब राहते आणि जंतुसंसर्ग होतो. कानासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ आली, खाज सुटली किंवा स्राव आला, तर तो संसर्गच समजून बोळे बंद करावेत. एकमेकांचे बोळे वापरू नयेत.

धुराचा किंवा घड्याळाचा गजर ऐकू येतो का, हे बोळे घालून आधीच तपासावे. येत नसेल तर उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर मिळतो. लहान मुलांच्या हाती बोळे लागू देऊ नयेत, गिळल्यास गळ्यात अडकतात.