एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले जातात तेव्हा

नाशिकमधल्या एका ब्रॉडबँड कंपनीचे 12,000 ग्राहक दरमहा 599 रुपयांचा प्लॅन वापरतात, असे धरू. 18 टक्के जीएसटी धरून बिल होते 707 रुपये, आणि ते ग्राहकाने बँकेला दिलेल्या कायम परवानगीवर, म्हणजे मँडेटवर, बँक खात्यातून आपोआप कापले जाते. बिलाच्या दिवशी सकाळी दहा वाजता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू झाली आणि काही ग्राहकांचे 707 ऐवजी 1,414 रुपये गेले. हे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, पण अशी चूक घडते ती याच मार्गाने.

कंपनीचे सॉफ्टवेअर प्रत्येक बिलासाठी पेमेंट गेटवेला, म्हणजे कंपनीचे आदेश बँकांपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या सेवेला, एक आदेश पाठवते आणि उत्तराची वाट बघते. जुनी आवृत्ती 30 सेकंद थांबायची. नव्या आवृत्तीत काम लवकर उरकावे म्हणून ही मर्यादा 8 सेकंदांवर आणली गेली. आता गेटवेने बाराव्या सेकंदाला ‘आदेश स्वीकारला’ असे कळवले, तर ते ऐकायला कोणी थांबलेलेच नसते. सॉफ्टवेअर पहिला प्रयत्न फसला असे समजते आणि आदेश पुन्हा पाठवते.

पुन्हा पाठवणे ही मुळात चूक नाही. नेटवर्क तुटते, उत्तरे हरवतात, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करावाच लागतो. म्हणूनच प्रत्येक आदेशासोबत एक ओळख-क्रमांक जातो. तोच क्रमांक पुन्हा आला की गेटवे नवा आदेश न नोंदवता आधीचेच उत्तर परत देतो. जुनी आवृत्ती त्या जागी बिल क्रमांक वापरत होती. नवी आवृत्ती प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक तयार करत होती, म्हणून गेटवेला ते दोन वेगळे आदेश वाटले. चाचणीत हे दिसले नाही, कारण चाचणीचा गेटवे सेकंदाच्या आत उत्तर देतो. 8 सेकंदांपेक्षा उशिरा येणारे उत्तर चाचणीत मुद्दाम घडवून आणावे लागते.

मग बँकेने का अडवले नाही? मँडेटवर बहुधा नेमकी रक्कम नसते, कमाल मर्यादा असते. ती 5,000 रुपये असेल आणि ‘सादर होईल तेव्हा’ कापायची परवानगी असेल, तर 707 चे दोन्ही आदेश बँकेच्या दृष्टीने वैधच ठरतात.

आता वेळेचा हिशेब करू. मिनिटाला 100 बिले जातात आणि त्यातल्या 5 टक्क्यांना गेटवेचे उत्तर 8 सेकंदांनंतर येते. म्हणजे दर मिनिटाला 5 खाती दुप्पट कापणीच्या यादीत जातात. 10:50 ला कोणाच्या तरी लक्षात आले की 5,000 बिलांसाठी 5,250 आदेश गेले आहेत. हे गुणोत्तर एकाच्या वर जाताच इशारा वाजला असता, तर ही पन्नास मिनिटे वाया गेली नसती. पुढे कारण शोधण्यात आणि परवानगी मिळवण्यात 14 मिनिटे गेली, जुनी आवृत्ती परत बसवायला 4 मिनिटे लागली, आणि 11:08 ला रोलबॅक पूर्ण झाला. त्या 18 मिनिटांत आणखी 90 खाती वाढून एकूण 340 झाली. 10:50 ला बिलांची रांग नुसती थांबवली असती तर ही 90 खाती वाचली असती. रांग थांबवायला मिनिटही लागत नाही आणि त्यासाठी कारण सापडण्याची गरज नसते. रोलबॅकची खरी वेळ मोजायची तर ती या 18 मिनिटांसारखी, संशय आल्यापासून मोजावी.

रोलबॅकनंतर रांग लगेच सुरू करणेही धोक्याचे असते, आणि माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होते. नव्या आवृत्तीने पाठवलेले काही आदेश कंपनीच्या नोंदीत ‘उत्तर नाही’ असे पडून असतात. जुनी आवृत्ती ते उचलते आणि बिल क्रमांक लावून पुन्हा पाठवते. गेटवेने तो क्रमांक या बिलासाठी कधी पाहिलेलाच नसतो. झाले, तिसरी कापणी! म्हणून आधी गेटवेकडून त्या वेळातल्या सर्व आदेशांची यादी घ्यायची, आपल्या नोंदी तिच्याशी जुळवायच्या आणि मगच रांग उघडायची. त्याच वेळी गेटवेला विचारायचे की बँकेकडे जाणारी फाइल निघाली का. निघाली नसेल तर जादा आदेश रद्द होतात आणि परताव्याचा प्रश्नच उरत नाही. इथे फाइल निघून गेली असे धरू.

बाधित खाती मोजताना कंपनीची स्वतःची नोंद पुरत नाही, कारण तिथे पहिला प्रयत्न ‘अयशस्वी’ दिसतो. शोध गेटवेच्या यादीवरच घ्यावा लागतो. त्या यादीतल्या प्रत्येक आदेशासमोर त्याचा बिल क्रमांक असला की प्रश्न सोपा होतो:

```sql
SELECT invoice_no, COUNT(*)
FROM gateway_orders
WHERE status = 'ACCEPTED'
GROUP BY invoice_no
HAVING COUNT(*) > 1;
```

इथे ग्राहक क्रमांकावरून गट केला तर उत्तर चुकते. एखाद्याचे घर सिडकोत आणि दुकान मेन रोडला असेल, तर त्याच्या नावावर 707 च्या दोन कापण्या योग्यच असतात.

बँकांकडून निकाल आले की 340 खात्यांचे दोन भाग पडतात. 301 खात्यांतून दोन्ही वेळा पैसे गेले, तर 39 खात्यांत दुसऱ्या वेळी पुरेशी शिल्लक नसल्याने आदेश बाउन्स झाला. पहिल्या गटाची जादा रक्कम 301 गुणिले 707, म्हणजे 2,12,807 रुपये. घाईत यादी इथेच संपवली जाते आणि ते 39 ग्राहक सुटतात, कारण त्यांचे 707 रुपये एकदाच गेलेले दिसतात. पण त्यांना बँकेने बाउन्सचा दंड लावलेला असतो. तो बँकेनुसार बदलतो. 250 रुपये आणि जीएसटी धरला तर माणशी 295, आणि 39 जणांचे 11,505 रुपये. एकूण देणे 2,24,312 रुपये झाले. पहिल्या गटातही कोणाची शिल्लक जादा कापणीमुळे कमी पडून घराचा हप्ता बाउन्स झालेला असू शकतो. तो कंपनीच्या कोणत्याच नोंदीत सापडत नाही. सर्व 340 जणांना संदेश पाठवून बँक स्टेटमेंट मागवणे, हाच त्यावर उपाय आहे.

हे पैसे आपोआप परत येत नाहीत. अयशस्वी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेचे 20 सप्टेंबर 2019 चे परिपत्रक आहे. त्यात ठरलेल्या मुदतीत रक्कम परत करायची आणि अनेक प्रकारच्या व्यवहारांत उशिराबद्दल दिवसाला 100 रुपये द्यायचे, अशी तरतूद आहे. आपल्या प्रकरणात मात्र दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, त्यामुळे हे संरक्षण लागू होत नाही आणि परतावा कंपनीलाच पाठवावा लागतो. परताव्याच्या प्रत्येक आदेशाला मूळ बिलाशी जोडलेला एकच ओळख-क्रमांक द्यायचा, उदाहरणार्थ `refund-` आणि पुढे बिल क्रमांक. नाहीतर परताव्याची फाइलही त्याच कारणाने दोनदा जाते, आणि ग्राहकाच्या खात्यात गेलेले पैसे परत मागणे फार अवघड असते.

ग्राहकाने स्टेटमेंटमधल्या दोन्ही ओळी, त्यांचे संदर्भ क्रमांक आणि मँडेटचा ओळख-क्रमांक म्हणजे यूएमआरएन जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि बाउन्सचा दंड लागला असेल तर तो वेगळा लिहावा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. मँडेट लगेच रद्द करून टाकायची घाई मात्र करू नये. परतावा मिळण्याआधी पुढच्या कापणीची भीती वाटत असेल, तर कंपनीला तो महिना वगळायला सांगावे.